घोसाळ्याची घासणी आणि अंगावरचे फोड: दोष घासणीचा की वापरण्याचा?

दारव्ह्याची_सून

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. परसातल्या कुंपणावर दरवर्षी घोसाळ्याचा वेल असतो. भाजीपुरती कोवळी तोडतो, उरलेली वेलावरच वाळतात. त्यांच्या घासण्या करून घरात वापरायची जुनी रीत. यंदा आमच्या बचत गटानं ठरवलं की तालुक्याच्या प्रदर्शनात या घासण्या विकायच्या. शहरात हीच वस्तू 'लूफा' म्हणून चांगल्या भावात जाते.

तेवढ्यात एक घोळ झाला. माझी पुतणी अमरावतीला होस्टेलवर असते, सुट्टीत घरी आली होती. तिच्या मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर बारीक लाल फोड आले. खाज सुटायची, काहींच्या टोकाला पिवळट पू. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंग कशानं घासते?" घासणी म्हटल्यावर म्हणाले, आधी ती बंद कर.

आता गटात दोन तट पडलेत. निम्म्या म्हणतात हे शहरात राहणाऱ्यांच्या नाजूक कातडीचे लाड आहेत. निम्म्या घाबरल्यात की विकलेल्या घासणीनं कुणाला त्रास झाला तर काय तोंड दाखवायचं. मला नीट समजून घ्यायचंय. वस्तूच वाईट आहे का? आणि विकायचीच तर घेणाऱ्याला काय सांगून विकावी?

मोरगावचा_भौ

ताई, आमच्या घरी तं आजीच्या काळापासून घोसाळ्याची घासनी हाय. कोनाले काई झालं नाई. आजी नव्वदीपर्यंत आंग घासत होती, चामडी कशी चकचकीत. डॉक्टर लोकाइले काईतरी कारन लागते. पोट्टीनं होस्टेलात काई वेगळं लावलं असन आंगाले, ते पाहा पयले.

परसबाग_यवतमाळ

घोसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तुमच्याकडं बी मिळेल का? माझ्या वेलाला फळं धरतात पण वाळायच्या आधीच काळी पडून सडतात. जूनच्या पहिल्या पावसात लावतो. घासणी कधी एकदा निघाली नाही.

दारव्ह्याची_सून

@परसबाग, बी देईन, पण मूळ प्रश्न राहू द्या बरं. तुमची फळं जमिनीला टेकत असतील. आम्ही वेल कुंपणावर चढवतो, फळ अधांतरी लोंबतं. साल तपकिरी झाली, फळ हातात हलकं लागलं आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तोडायचं. परतीचा पाऊस लांबला तर थोडं पिवळं असतानाच काढून ओसरीत टांगायचं.

@भौ, पोट्टीला विचारलं. होस्टेलवर साबण आणि पाणी, बाकी काही नाही. फोड इथं आल्यावरच आले.

निवृत्त_लॅबवाला

ताई, मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जंतुपरीक्षणाचं काम केलं. डॉक्टर नाही, त्यामुळं पुतणीचं निदान मी करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण काही प्रश्न विचारतो, त्यांच्या उत्तरांतून बरंच कळेल.

फोड नेमके केसाच्या मुळाशी आहेत का? अंघोळीनंतर किती वेळानं दिसले? घरात आणखी कुणाला आलेत का? तिनं पायांचे केस काढले होते का? आणि घासणी कुठं टांगलेली असते, ती किती जण वापरतात?

आजीचा_बटवा

इतकी चौकशी कशाला? अंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक औषध टाका, घासणी त्यातच बुडवून ठेवा. आम्ही लेकरांसाठी वर्षानुवर्षं हेच करतो. शिवाय फोडांवर हळद. दोन दिवसांत साफ.

दारव्ह्याची_सून

लॅबवाले दादा, सगळी उत्तरं तिला विचारून लिहिते. फोड प्रत्येक केसाच्या बुडाशी आहेत, मधोमध केस दिसतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ब्लेडनं पायांचे केस काढले, लगेच अंघोळ केली आणि घासणीनं पाय चांगले घासले. त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी खाज सुरू झाली. घरात बाकी कुणाला काही नाही.

घासणी न्हाणीत नळाच्या खिळ्याला टांगलेली असते. चार माणसं तीच वापरतात. मागच्या वर्षीच न्हाणीला फरशी बसवली, वर एक छोटा झरोका आहे. उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही.

निवृत्त_लॅबवाला

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. केसाच्या मुळाशी जंतू शिरून फोड येणं हा प्रकार नेहमीचाच आहे. त्यात दोन जंतू बहुतेक वेळा सापडतात. एक आपल्या अंगावर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस, दुसरा ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास. पुतणीला कोणता होता हे पू तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण ओली वस्तू अंगाला लागल्यावर साधारण आठ तासांपासून दोन दिवसांच्या आत खाजरे फोड येणं ही दुसऱ्याची ओळख आहे. प्रयोगशाळेत त्याची बशी उघडली की हिरवट रंग दिसतो आणि द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. एकदा घेतलेला तो वास विसरत नाही.

आता बाकीच्यांना काही का झालं नाही ते पाहा. जंतू चौघांच्याही अंगाला लागलेच असणार. पण अखंड कातडी त्यांना आत येऊ देत नाही. ब्लेड फिरवल्यावर केसाच्या तोंडाशी बारीक चिरा पडतात, त्यावर खरखरीत घासणी घासली की त्या आणखी उघडतात. जंतूंनी भरलेली घासणी आणि उघडी कातडी एकाच अंघोळीत भेटली. म्हणून फोड फक्त पायांवर, आणि फक्त तिलाच.

हे कल्पनेनं सांगत नाही. १९९४ साली न्यूयॉर्कमधल्या जंतुतज्ज्ञांनी असाच एक रुग्ण नोंदवला. त्याच्या फोडांतला स्यूडोमोनास त्याच्या लूफापर्यंत जाऊन पोचला. मग त्यांनी न वापरलेले लूफाही तपासले. कोरड्या लूफावर थोडे, बहुतांशी निरुपद्रवी जंतू होते. पाण्यात भिजत राहिल्यावर मात्र त्याच लूफात दुसऱ्याच जातीच्या, त्रासदायक जंतूंची भरपूर वाढ झाली. म्हणजे दोष घोसाळ्याचा नाही. ते ओलं राहण्याचा आहे.

@आजीचा बटवा, रागावू नका, पण स्यूडोमोनास नेमका त्या पिवळट-तपकिरी जंतुनाशकाला फारसा जुमानत नाही. झाकणभर औषध बादलीभर पाण्यात गेलं की उरलासुरला जोरही जातो. त्यात घासणी बुडवून ठेवणं म्हणजे ती कायम ओली ठेवणं. फोडांवर हळदही नको. कातडीची आग झाली तर डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही.

मोरगावचा_भौ

लॅबवाले भौ, पटलं बरंचसं. पन मंग आजीले काऊन काई नाई झालं? ते सांगा.

आशा_वर्कर_मेळघाट

भौ, याचं उत्तर मी देते, कारण घरोघरी फिरताना हेच दिसतं. तुमची आजी कुठं अंघोळ करायची? बहुतेक अंगणात, दगडावर, चटईच्या आडोशाला. घासणी कुडावर फेकली की दुपारच्या उन्हात कडकडीत वाळायची. आपल्या वैशाखात तर तासाभरात. आता घराघरात पक्की न्हाणी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे, बायाबापड्यांची सोय झाली. पण घासणी मात्र आत अंधारात राहिली.

आणि आजीनं कधी ब्लेड वापरलं नसणार.

मोरगावचा_भौ

हे बाकी खरं हाय. आजीची घासनी बाभळीच्या काट्याले अडकवलेली राहे. आता समजलं.

ब्रह्मपुरीचे_मास्तर

मग उत्तर सोपं आहे. ऊन! सूर्यप्रकाशासारखं जंतुनाशक नाही. रोज उन्हात टाका, एकही जंतू शिल्लक राहत नाही. ब्लीच, उकळणं हे सगळे खर्चिक उपद्व्याप आहेत.

निवृत्त_लॅबवाला

मास्तर, निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं फार कामाचं आहे. पण ऊन पडतं वरच्या धाग्यांवर. घोसाळ्याच्या आत तीन पोकळ्या असतात, मधल्या भागात जाळी दाट असते. वरून हात लावला तर कोरडी लागते, आत ओल तशीच. घरी करून पाहा. सकाळी वापरलेली अख्खी घासणी दिवसभर टांगा, संध्याकाळी वर्तमानपत्रावर ठेवून तळहातानं जोरात दाबा. कागदावर ओलीचा डाग उमटला तर ती वाळलेली नाही.

उपाय सोपा आहे. अख्खं घोसाळं वापरूच नका. उभं चिरायचं, मधला दाट गाभा काढायचा आणि चपटी, हाताच्या पंजाएवढी पट्टी वापरायची. ती लवकर वाळते. वापरल्यावर साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, पिळा, झटका आणि न्हाणीबाहेर वारा लागेल तिथं टांगा. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

खारपाणपट्टा_दर्यापूर

आमच्याकडं आणखी एक अडचण आहे. आमचं पाणी खारं आणि जड. साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा चिकट थर बसतो. घासणीच्या धाग्यांत तो थर साचून आठवडाभरात ती बुळबुळीत होते. हे जंतू की नुसता साबण?

आणि माझं स्वतःचं एक विचारायचंय, विषयाला धरून आहे की नाही ठाऊक नाही. माझ्या पाठीवर, खांद्यांच्या मधे, काळपट पट्टे पडलेत. बायको म्हणते मळ आहे. प्लॅस्टिकच्या जाळीच्या घासणीनं रोज पाठ घासतो, लांब पट्ट्याची आहे, दोन्ही हातांनी ओढतो. जितकं घासावं तितकं काळं होतंय.

निवृत्त_लॅबवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. साबणाचा थर, त्यात अडकलेली मेलेली कातडी आणि ओल. जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. बुळबुळीत लागली की ती घासणी टाकायची, धुऊन वाचवायची नाही. जड पाणी असेल तर शेवटी तांब्याभर साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्यानं ती खंगाळली तरी फरक पडतो.

दुसरं मात्र माझ्या कामाच्या बाहेरचं आहे. इथं चर्मरोगाकडं काम केलेलं कुणी आहे का?

चर्मरोग_ओपीडी_सिस्टर

मी आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात चर्मरोग विभागात परिचारिका आहे. दर्यापूरवाल्या दादांसारखे लोक आमच्याकडं जवळजवळ रोज येतात.

हाडावर कातडी ताणलेली असते अशा जागा आठवा: पाठीचा वरचा भाग, गळ्याखालची हाडं, दंडाची बाहेरची बाजू, नडगी. तिथं खरखरीत वस्तूनं रोज घासलं की कातडी स्वतःला वाचवायला रंग वाढवते. घासणं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर काही जणांत कातडीच्या पेशींचा चोथा आतल्या थरात साचतो आणि वाळूवरच्या लाटांसारख्या काळपट रेषा दिसू लागतात. त्याला मळ समजून माणूस आणखी जोरात घासतो, आणि तेच नेमकं उलटं पडतं. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलानं अंग घासणाऱ्यांत हेच दिसलं, आणि आपल्याकडंही चर्मरोगवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे.

मळ आहे की नाही हे ओळखायची एक युक्ती सांगते. कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घ्या आणि त्या जागी हलक्या हातानं पुसा. बोळा काळा झाला आणि कातडी उजळ दिसली तर मळ किंवा साचलेली खपली. बोळा स्वच्छ राहिला तर रंग कातडीच्या आत आहे, तो कुठल्याच घासणीनं निघणार नाही. दादा, जाळी आजच बंद करा. रंग फिकट व्हायला महिने लागतात, काहींचा पूर्ण जातही नाही. खाज असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण खाजवणं हेसुद्धा घासणंच आहे.

जाता जाता आयांसाठी: लेकराच्या मानेवर मखमली काळेपणा असेल आणि वजन जास्त असेल तर ती मान दगडानं घासू नका. साखर तपासून घ्या. तो काळेपणा पुष्कळदा आतल्या कारणानं येतो.

खारपाणपट्टा_दर्यापूर

सिस्टर, स्पिरिटनं पुसून पाहिलं. बोळा पांढराच. बायकोला दाखवला. आता घरात माझ्या अंघोळीवरचा संशय संपला.

मोरगावचा_भौ

अभिनंदन दादा! इतक्या दिसांनी निर्दोष सुटले!

पन माही अडचन वेगळी हाय. फवारनी करून आलं की आंगाले औषधाचा वास राह्यते. तवा घासनी नाई तं काय? नुसत्या हातानं ते निघत नाई. २०१७ साली आमच्या बाजूच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं किती शेतकरी गेले, ते आठवलं का आंग घासघासून लाल करतो मी.

चर्मरोग_ओपीडी_सिस्टर

भौ, हे विचारलंत ते फार बरं झालं. फवारणीनंतर जोरात घासणं हेच सगळ्यात वाईट. कातडी सोलवटली की औषध आत जास्त शिरतं. गरम पाणीही नको. कपडे न्हाणीबाहेरच काढा, साधं पाणी भरपूर, साबण दोनदा-तीनदा, आणि हातानं किंवा मऊ सुती फडक्यानं हळू चोळायचं. डोक्याचे केस, कानामागं, काखा, जांघा, नखांच्या कडा विसरायच्या नाहीत, औषध तिथंच राहतं. ते फडकं घरच्या कपड्यांत टाकायचं नाही, आणि घरची घासणी तर त्या दिवशी वापरायचीच नाही. तीच घासणी दुसऱ्या दिवशी लेकरं अंगाला लावतात.

डोकं दुखणं, मळमळ, घाम सुटणं, डोळ्यांपुढं अंधारी असं काही वाटलं तर अंघोळ उरकून लगेच दवाखाना. कोणतं औषध फवारलं त्याचा डबा सोबत न्या.

मोरगावचा_भौ

डबा नेयाचं ध्यानात ठेवतो. घासनी बंद फवारनीच्या दिशी.

वर्धेची_लेक

मी एक वेगळीच वस्तू आणते या चर्चेत. ऑनलाइन कोंजॅकचा स्पंज मागवला होता, चेहऱ्यासाठी. आला तेव्हा खडूसारखा टणक, पाण्यात ठेवल्यावर फुगून जेलीसारखा मऊ. चेहरा छान स्वच्छ व्हायचा, अजिबात टोचत नाही. पण आता त्यावर काळे ठिपके आलेत. धुतले तरी जात नाहीत. महाग होता हो, टाकवत नाही. मैत्रीण म्हणते ब्लीचमध्ये बुडव.

परसबाग_यवतमाळ

कोंजॅक म्हणजे आपल्या सुरणाचाच भाऊबंद! एकाच कुळीतला कंद. त्याच्या पिठापासून तो स्पंज करतात. चला, अखेर मलाही बोलायला विषय मिळाला.

निवृत्त_लॅबवाला

वर्धेच्या लेकी, ते ठिपके बुरशीचे आहेत. स्पंज टाक. ब्लीचनं वरचे ठिपके फिके होतील, आतली बुरशी तशीच राहील, वर ब्लीच स्पंजात राहून चेहऱ्याची आग करील.

कोंजॅक घोसाळ्यापेक्षा कातडीला फार सौम्य, पण त्याचा पिंडच पाणी धरून ठेवण्याचा. म्हणून तो ओला राहण्याचा धोका जास्त. पुढचा घेतलास तर पिळू नकोस, पिळल्यावर तो फाटतो. दोन तळहातांत दाबून पाणी काढायचं आणि दोऱ्यानं हवेशीर जागी टांगायचा, दोन अंघोळींच्या मधे तो पुन्हा टणक झाला पाहिजे. टणक होत नसेल, आणि आपल्या श्रावणात होणार नाही, तर त्या महिन्यांत तो वापरूच नये असं माझं मत. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात तीनेक मिनिटं ठेवायचा, खळखळ उकळायचा नाही. चार ते सहा आठवड्यांत बदलायचा, कडा झडू लागल्या तर त्याआधीच. चेहऱ्यावर पुटकुळ्या फुटलेल्या असतील तेव्हा बोटंच बरी.

वर्धेची_लेक

टाकला. जड अंतःकरणानं.

आजीचा_बटवा

लॅबवाले साहेब, माझ्या औषधाला नाही म्हणालात, मग घासणी निर्जंतुक कशानं करायची ते तरी सांगा. गावात पाण्याच्या टाकीसाठी टीसीएल पावडर येते. जलसुरक्षकाकडून चमचाभर आणली तर?

निवृत्त_लॅबवाला

टीसीएल नको, कारण त्या पोत्यात किती जोर उरलाय हे चमच्यानं कळत नाही. पोतं उघडं राहिलं की जोर रोज कमी होतो, आणि ताजी असेल तर चमचाभरही कातडीला भारी पडते.

गावात सगळ्यात भरवशाचं म्हणजे उकळणं. घोसाळ्याची पट्टी आणि सुती फडकं दोन्हींना चालतं. स्वयंपाकाचं नाही असं जुनं भांडं घ्या, पट्टी पूर्ण बुडेल इतकं पाणी, उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. आठवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात ऊन नसलं तर आठवड्यातून दोनदा करा आणि चुलीच्या वर दोरीवर वाळवा. मघाशी उरलेल्या प्रश्नाचं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे. उकळल्यावर पट्टी मऊ पडते, तेवढं सोसायचं.

सरपण वाचवायचं असेल तर दुकानात मिळणारं पातळ ब्लीच. एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या साधं पाणी, त्यात पाच मिनिटं, मग वास जाईपर्यंत धुणं. हातात मोजे, दारं उघडी. संडास धुण्याचं ॲसिड त्याच जागी, त्याच भांड्यात चुकूनही नको. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

एवढं करूनही घोसाळ्याची पट्टी तीन-चार आठवड्यांनी बदलायची. प्लॅस्टिकची जाळी फार तर दोन महिने.

चर्मरोग_ओपीडी_सिस्टर

इथं माझं लॅबवाल्या दादांशी थोडं वेगळं मत आहे. मी तर म्हणते बहुतेकांना घासणीची गरजच नाही. जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा हातरुमालाएवढा तुकडा, प्रत्येकाचा वेगळा, रोज साबणानं धुऊन दोरीवर. पातळ असतो, लगेच वाळतो, घरच्या कपड्यांबरोबर उकळता येतो, खराब झाला तर फेकायला जीव दुखत नाही. गजकर्ण घरात शिरलं तर चार जणांची एक घासणी आणि एक दुपट्टा, यानंच ते घरभर फिरतं. कुणाला झालं असेल तर त्याचा टॉवेल, कपडे आणि फडकं लगेच वेगळं करा. आणि मेडिकलमधून न विचारता तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणून लावू नका, त्यातल्या स्टिरॉइडनं गजकर्ण दबतं आणि मग चिवट होऊन पसरतं.

मधुमेह असलेल्यांनी, तान्ह्या लेकरांसाठी आणि जांघेत, चेहऱ्यावर तर घासणी नकोच.

ब्रह्मपुरीचे_मास्तर

मग बचत गटानं काय फडकी विकायची? सिस्टर, गावात रोजगार असाच बुडतो. घासणी वाईट नाही असं लॅबवाले साहेबच म्हणाले.

चर्मरोग_ओपीडी_सिस्टर

मास्तर, विकू नका असं मी म्हटलेलं नाही. टाचांना, तळव्यांना, कोपरांना घोसाळं छान आहे. तिथली कातडी जाड असते. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टाचा मी पाहिल्यात, त्यांना दगडापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त टाचेला भेग पडून रक्त दिसत असेल तेव्हा नाही. सगळ्या अंगाची म्हणून विकू नका, एवढंच.

निवृत्त_लॅबवाला

पाठीला आठवड्यातून एकदा, हलक्या हातानं, कातडी धड असेल तर माझ्या मते चालेल. यावर आमचं जमणार नाही असं दिसतं.

दारव्ह्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत हा सगळा धागा वाचून दाखवला. बराच वेळ वाद झाला, शेवटी असं ठरलं: अख्खं घोसाळं विकायचं नाही. उभं चिरून, गाभा काढून, चपट्या पट्ट्या करायच्या. काळा डाग असलेली पट्टी बाजूला. साली आणि बिया काढल्यावर धुऊन, दहा मिनिटं उकळून, कडक उन्हात वाळवून, वर्तमानपत्रावर दाबून पाहून मगच पाकिटात. वरच्या चिठ्ठीवर लिहिणार आहोत: "टाचा व कोपरांसाठी. एका माणसाने वापरावी. केस काढल्यावर, जखमेवर, फोडांवर वापरू नये. वापरल्यावर न्हाणीबाहेर वाळवावी. आठवड्यातून एकदा उकळावी. महिन्याने बदलावी." पाठीबद्दल एकमत झालं नाही, म्हणून पाठ लिहिली नाही.

न्हाणीतली जुनी घासणी चिरून पाहिली. बाहेरून बरी दिसत होती, मधल्या पोकळीत करडा चिकट थर होता. सासूबाईंनी पाहिलं आणि स्वतः उचलून चुलीत घातली.

एक विचारायचं राहिलं. पाकीट प्लॅस्टिकचं घ्यावं की कागदी? प्लॅस्टिकमध्ये दिसायला छान दिसतं, असं मुली म्हणतात. आणि पुतणीचे फोड आठवड्याभरात सुकले, पण जागोजागी काळे ठिपके राहिलेत. ती हळद-बेसन लावून ते घासायचं म्हणतेय.

निवृत्त_लॅबवाला

कागदी. प्लॅस्टिकमध्ये थोडी ओल राहिली तरी आत बुरशी धरते, आणि ती घेणाऱ्याच्या घरी पोचल्यावर दिसते. दाखवायचंच असेल तर कागदाला बाजूनं एक खिडकी कापा.

चर्मरोग_ओपीडी_सिस्टर

आणि पुतणीला म्हणावं, बेसन कढीला ठेव. ते ठिपके फोड भरून आल्याच्या खुणा आहेत, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत आपोआप फिकट होतात. घासलं तर दर्यापूरच्या दादांच्या पाठीसारखं होईल. पुढच्या वेळी केस काढायचेच असतील तर नवं ब्लेड, केस वाढतात त्याच दिशेनं, आणि पुढचे दोन-तीन दिवस पायांना फक्त हात आणि साबण. फोड परत आले, ताप आला किंवा एखादा फोड गरम, टणक होऊन लाली पसरू लागली तर लगेच दाखवायचं.

परसबाग_यवतमाळ

ताई, बियांचं विसरू नका. आणि कुंपण कसलं आहे, तारेचं की तुराट्यांचं?